घशातला राखी पडदा: घटसर्पाच्या एका रुग्णाबरोबरचे चाळीस दिवस

पोळा होऊन आठवडा झाला होता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक आजी 5 वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आली. "तीन दिस झाले, लेकराचा घसा आलाय. पानीबी गिळंना." गावात टॉन्सिल समजून औषध सुरू झालं होतं. ताप मोजला तर 100.6. एवढ्या तापाला लेकरू इतकं मलूल पडत नाही, आणि नाडीही तापाच्या मानाने फार जोरात चालली होती. पहिली शंका तिथेच आली.

साध्या टॉन्सिलला बहुतेक वेळा ताप चढा असतो, 102-103 पर्यंत जातो. टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, ते टॉन्सिलपुरतेच राहतात आणि कापसाच्या बोळ्याने पुसले जातात. या मुलाच्या घशात मात्र दोन्ही टॉन्सिल झाकून पडजिभेवर आणि टाळूच्या मऊ भागावर पसरलेला एक जाड, मळकट राखी पडदा होता. कडेला थोडं रक्त साकळलेलं. तोंडाला एक कुजकट-गोडसर वास. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी गळा इतका सुजलेला की हनुवटी आणि मान एकच झालेली. ठिपके टॉन्सिलची हद्द ओलांडून टाळूवर चढले, तर ते टॉन्सिल नाही असंच धरून चालायचं.

हा पडदा खरवडून काढायचा मोह होतो. काढू नये. घटसर्पाचे, म्हणजे डिप्थेरियाचे, जंतू रक्तात शिरत नाहीत, ते घशातच राहतात आणि तिथे एक विष बनवतात. त्या विषाने घशाच्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी, गोठलेला रक्तद्रव आणि जंतू यांचा मिळून हा पडदा बनतो. तो खालच्या मांसात रुतलेला असतो, म्हणून ओढला की भळाभळा रक्त येतं, लेकरू रडतं, आणि आधीच अरुंद झालेली श्वासाची वाट अचानक बंद पडू शकते. आम्ही फक्त पडद्याच्या कडेखालून एक स्वॅब हलक्या हाताने फिरवून घेतला. तोही पुढे पाठवण्यासाठी, निदानासाठी थांबायला नव्हे. अल्बर्ट रंगाने रंगवल्यावर हिरवट काड्या आणि त्यांच्या टोकाला निळे-काळे दाणे दिसले तर शंका बळावते, पण जंतू वाढवून पक्कं सांगणाऱ्या कल्चरला दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात उपचाराची वेळ निघून जाते.

आम्ही "घटसर्प" म्हटलं तशी आजी म्हणाली, "अवो, ते तर जनावराला व्हतं की." तिचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे जनावरांच्या ज्या रोगाला घटसर्प म्हणतात तो वेगळा, त्याचा जंतू वेगळा. नाव मात्र एकच. त्यामुळे गावात गैरसमज पक्का बसतो: हा गोठ्यातला रोग आहे, घरातला नाही. त्यांच्या दोन्ही बैलांना पावसाळ्याआधी टोचून झालं होतं. नातवाच्या कार्डावर मात्र जन्मानंतरचा बीसीजी, पोलिओचा थेंब आणि पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे घटसर्पासह पाच रोगांवरच्या लशीचा, एकच शिक्का.

त्याचं कारणही कार्डावरच वाचता येत होतं. मूल नोव्हेंबरअखेरचं. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, म्हणजे जानेवारी ते मार्च. त्या दिवसांत आईबाप ऊसतोडीला कोयत्यावर, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याच्या तळावर, कोपीत. इकडे गावच्या यादीत नावापुढे "बाहेरगावी", तिकडच्या यादीत नावच नाही. एप्रिलमध्ये परतल्यावर पहिला डोस दिला, त्या रात्री ताप आला, मांडी सुजली, आणि आजीने पुढचे डोस नको म्हटलं. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर तर लांबच राहिला. डोसनंतर दोन दिवस ताप येणं नेहमीचं आहे, त्याला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. पण ते टोचतानाच सांगायचं असतं. नंतर सांगून विश्वास बसत नाही.

आता खरं काम होतं ते सीरमचं, म्हणजे घटसर्पविरोधी प्रतिविषाचं. हे घोड्याच्या रक्तापासून बनवतात. पेनिसिलिन जंतू मारतं, आधीच बनलेलं विष मारत नाही. सीरम विष निकामी करतं, पण रक्तात फिरणारं तेवढंच. हृदयाच्या किंवा मज्जातंतूच्या पेशीत एकदा शिरलेल्या विषाला ते काही करू शकत नाही. म्हणून प्रत्येक तास मोजायचा. आणि म्हणूनच डोस वजनावर ठरत नाही, तर पडदा कुठवर पसरला आणि किती दिवस झाले यावर ठरतो. पडदा घशापुरता आणि आजार दोन दिवसांच्या आतला असेल तर 20,000 ते 40,000 युनिट. तीन दिवस उलटले असतील किंवा मान अशी सुजली असेल तर 80,000 ते 1,20,000. मूल 15 किलोचं असो की बाप 60 किलोचा, आकडा तोच.

व्हायल 10,000 युनिटची, म्हणजे किमान आठ हव्यात. आधी 108 बोलावून मग चौकशी करणं ही इथली नेहमीची चूक. गाडी मोठ्या दवाखान्यात पोचते आणि तिथे सीरम नसतं. आम्ही आधी फोन केले, आणि "सीरम आहे का" असं न विचारता "किती व्हायल आहेत, मुदत कधीची आहे" असं विचारलं. जवळच्या ठिकाणी तीन निघाल्या. सुमारे दीड तासावरच्या दुसऱ्या ठिकाणी दहा. निवड कशावर करायची? श्वासावर. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असता, बरगड्यांखाली खड्डा पडत असता, तर जवळच्या ठिकाणीच नेलं असतं, कारण आधी गळ्यात नळी घालून वाट मोकळी करावी लागली असती. इथे आवाज स्वच्छ होता, ऑक्सिजन 97 होता. पेनिसिलिनचा पहिला डोस देऊन दहा व्हायलकडे पाठवलं. आजीला सांगितलं, त्याला आडवं निजवू नका, मांडीवर बसवूनच न्या.

तिथे आधी त्वचेवर चाचणी झाली. घोड्याच्या प्रथिनाची जोरदार ॲलर्जी येऊ शकते, म्हणून सीरम हजारपट पातळ करून त्याचा थेंबभर टोचतात आणि 15-20 मिनिटं गांधी उठते का पाहतात. चाचणी साफ आली तरी भरवसा पूर्ण नसतो, म्हणून ॲड्रेनालिन भरून उशाशी ठेवलं होतं: 15 किलोला 0.15 मिली, मांडीच्या स्नायूत. मग आठ व्हायल सलाइनमध्ये मिसळून सुमारे तीन तासांत शिरेतून, सुरुवातीला अगदी सावकाश. फ्रिजमधून काढलेलं सीरम थंडगार सोडत नाहीत, आधी खोलीच्या तापमानाला येऊ देतात. मूल वेगळ्या खोलीत, जवळचे सगळे मास्क लावून.

दुसऱ्या दिवशी पडदा वाढायचा थांबला. सहाव्या दिवसापर्यंत कडेने सुटत सुटत गेला. ताप नाही, लेकरू खेळायला लागलं, आणि आईबाप घरी न्यायचं म्हणू लागले. आमच्या मते या आजारातली सगळ्यात फसवी वेळ ती हीच. घसा बरा दिसतो तेव्हा हृदयाची पाळी सुरू होते, साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून. रोज ईसीजी काढत होते म्हणून कळलं: नवव्या दिवशी ठोके मध्येच चुकू लागले, आलेखातल्या लाटा उलट्या झाल्या. वरून काही दिसत नव्हतं. त्या वेळी मूल पलंगावरून उड्या मारत असतं तर ते तिथेच कोसळू शकलं असतं. सक्तीने झोपवून ठेवलं, उचलूनच संडासला न्यायचं. दहा दिवसांत ईसीजी सुधारला.

अठराव्या दिवशी आईचा फोन आला, "पानी पिलं की नाकातून यायलंय, अन् बोलनं गेंगणं झालंय." विष टाळूच्या मज्जातंतूंपर्यंत पोचलं होतं. याला वेगळं औषध नाही. पातळ पाणी-दूध ठसक्याने फुफ्फुसात जातं, म्हणून बसवून, घट्ट वरण-भात, दही, केळं असं चमच्याने द्यायचं. टाळू काही आठवड्यांत पूर्ववत होतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही पाय लुळे पडू शकतात, जवळचं धूसर दिसू शकतं, म्हणून नजर ठेवावी लागते.

इकडे वस्तीवर दुसरी घाई होती. दसऱ्यानंतर मुकादमाच्या गाड्या लागणार होत्या. घरातले आणि शेजारचे मिळून 19 जण. आधी प्रत्येकाच्या घशाचा आणि नाकाचा स्वॅब, मगच औषध. उलट केलं तर कल्चरमध्ये काही सापडत नाही. एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिवसातून चार वेळा, सात ते दहा दिवस घ्याव्या लागतात. रानात राबणारी माणसं तिसऱ्या दिवशी सोडतात. म्हणून ॲलर्जी विचारून बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन दिलं: सहा वर्षांखालच्यांना 6 लाख युनिट, वरच्यांना 12 लाख. सात दिवस रोज सगळ्यांचे घसे पाहिले.

स्वॅब पॉझिटिव्ह आला तो चुलतभावाचा. 8 वर्षांचा, सगळे डोस घेतलेला, ठणठणीत. आजीचा प्रश्न सरळ होता: लस घेऊनही जंतू मिळाले, मग लशीचा उपयोग काय? उत्तर लशीच्या घडणीत आहे. ही लस निकामी केलेल्या विषापासून बनते. ती शरीराला विषाशी लढायला शिकवते, जंतूला घशात शिरण्यापासून पुरतं अडवत नाही. चुलतभावाच्या घशात जंतू होते, पण त्यांचं विष त्याला बाधत नव्हतं. तेच जंतू एका उशीवर झोपणाऱ्या, एकच डोस घेतलेल्या भावाकडे गेले. गावातली बाकीची पोरं टोचलेली आहेत, तेव्हा आपलं एक राहिलं तरी चालेल, हा हिशेब घटसर्पाच्या बाबतीत इथे फसतो.

पेनिसिलिनचे 14 दिवस पूर्ण झाल्यावर 24 तासांच्या अंतराने दोन स्वॅब घेतले. दोन्ही निगेटिव्ह आले तेव्हाच वेगळी खोली सुटली. आजार होऊन गेला म्हणजे लस मिळाली, असंही होत नाही. आजारातून शरीर या विषाशी लढायला नेहमीच नीट शिकतं असं नाही. सात वर्षांच्या आतला असल्याने बरं झाल्यावर त्याला घटसर्पाचीच लस असलेल्या डीपीटीचा डोस दिला, पुढचा चार आठवड्यांनी, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी बूस्टर.

चार आठवडे म्हणजे दिवाळीनंतर. बाप एकटाच पुढे गेला, आई आणि लेकरू डोस होईपर्यंत थांबले. दोन वर्षांच्या बहिणीचं कार्ड कोरं होतं, तिचाही पहिला डोस त्याच दिवशी दिला. तिच्या पुढच्या तारखा कारखान्याच्या दिवसांतच येत होत्या, म्हणून तळाजवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून तिचं नाव तिथल्या यादीत घालायला सांगितलं, आणि त्या केंद्राचा नंबर मुकादमाच्या मोबाइलमध्ये टाकून दिला.