‘करमत नाही’चं जर्मन

रविवारी सकाळी कांदा परतत होते, तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. ‘मॅडम, वाक्य बरोबर आहे का तेवढं सांगा.’ मुलगा माझ्याकडे पुण्यात जर्मन शिकला, दोन वर्षं श्टुटगार्टला नोकरी करून परत आला. मुलगी तिकडेच आहे. कोण मुलगी, ते मी विचारलं नाही, वाक्यच सांगत होतं.

‘ओने दिश लांगवायले इश मिश.’

क्रियापद जागेवर, ‘मिश’ जागेवर. परीक्षेत पूर्ण गुण दिले असते. पण त्याला म्हणायचं होतं, ‘तुझ्याशिवाय करमत नाही’, आणि लिहिलं गेलं होतं, ‘तू नसलीस की मला कंटाळा येतो.’ जणू ती म्हणजे टाइमपास.

असं नुसतं म्हटलं तर तो वाद घालणार, हे मला माहीत होतं. म्हणून गॅस बंद केला आणि DWDS उघडलं. बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा हा शब्दकोश. त्यात अर्थाबरोबर पुस्तकांतली, वर्तमानपत्रांतली खरीखुरी वाक्यंही शोधता येतात. शब्दाच्या शेजारी कोण बसतं, तेही दिसतं. ‘लांगवायलेन’च्या शेजारी बसलं होतं ‘झू टोडे’, म्हणजे मरेपर्यंत. वाक्यांत कंटाळलेली माणसं होती ती तासाला, भाषणाला, पावसाळी रविवारी. विरहात झुरणारं कुणी दिसेना. त्याला म्हटलं, “शेजार बघ. ह्या वस्तीत तिला नेऊन बसवणार आहेस का?”

मग त्यानं स्वतःच शोध घेतला:

```
"ohne dich"
```

दहा मिनिटांत उत्साहानं नवं वाक्य. ‘ओने दिश इस्ट आलेस डोफ.’ तुझ्याशिवाय सगळं कसं भंकस. हे जर्मनांच्या तोंडचंच आहे, शंका नाही. पण ते मेंढीच्या चित्राखाली कार्डांवर आणि कॉफीच्या मगांवर छापलेलं असतं. वाक्य सापडलं एवढ्यावर थांबायचं नाही, ते कुणी, कुठे लिहिलंय तेही बघायचं. चेष्टेत चालेल, पण ह्याला चेष्टा करायची नव्हती.

वर्तमानपत्रांत तर ‘दिश’ मुळात कमीच भेटतो. बातमीदार वाचकाला अगं-तुगं कशाला करील? त्यापेक्षा कादंबऱ्या बऱ्या. सिनेमाच्या सबटायटल्समध्ये प्रेमाची वाक्यं ढिगानं असतात, पण त्यातली पुष्कळशी इंग्रजीवरून आलेली. लोकांनी लिहिलेली वाक्यं आणि त्यांची भाषांतरं साठवणाऱ्या तातोएबा ह्या संकेतस्थळावरच्या उदाहरणवाक्यांचंही तसंच: वाक्य लिहिणाऱ्याची मातृभाषा जर्मन आहे का, आणि ते मूळचं जर्मन आहे की कशाचं भाषांतर, हे बघितल्याशिवाय मी विद्यार्थ्यांना त्यातलं काही उचलू देत नाही. (तातोएबा म्हणजे जपानीत ‘उदाहरणार्थ’. मला हे नाव फार आवडतं.)

शेवटी मी त्याला ‘फेलेन’ सुचवलं. उणं असणं, कमी पडणं. तो बिचकला, कारण नुसतं ‘फेलेन’ शोधल्यावर पैसा कमी, कामगार कमी, पुरावा नाही, असलंच सगळं येत होतं. मी म्हटलं, माणूस घालून शोध:

```
"du fehlst mir"
```

आता मात्र पत्रं, संवाद, स्टेशनवरचे निरोप आले. ‘डू फेल्स्ट मिर’: तू मला उणी आहेस. ‘तू मला आवडतेस’सारखीच रचना, कर्ता ती आणि ‘मला’ आपण. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. पण ह्यानं ‘आय मिस यू’ मनात धरून घाईघाईत टाइप केलं, ‘इश फेले दिर.’ व्याकरण पुन्हा निर्दोष. अर्थ: ‘तुला माझी फार आठवण येते, नाही का?’ पाठवायच्या आधी मला दाखवलं, हे नशीब.

‘डू फेल्स्ट मिर’ गेलं. ‘करमत नाही’ त्यात पूर्ण उतरत नाही. जर्मनमध्ये आठवण आली, पण होस्टेलवर पहिल्या आठवड्यात मुलाला जे होतं, ती जागेवर न बसणारी चुळबुळ राहून गेली. म्हणून त्यानं खाली मूळ मराठीही लिहिलं आणि तिला समजावून सांगितलं.

नोव्हेंबरात पुन्हा मेसेज. तिनं मराठीत लिहिलं होतं, ‘मला कोटाशिवाय करमत नाही.’ खाली त्याचा प्रश्न: ‘मॅडम, हे बरोबर आहे ना?’

व्याकरण बरोबरच होतं. मी लिहिलं, ‘कोटाशिवाय भागत नाही.’ लगेच त्याचं उत्तर, ‘ती विचारतेय, का?’ सिगरेटशिवाय करमत नाही म्हणतात, चहाशिवायही म्हणतात, मग कोटानं काय घोडं मारलं? मी पोहे तसेच ठेवून कोट सापडतोय का ते शोधायला बसले.