दोन मीटर एफएम प्रेषकाची प्रगती: लूप फिल्टरची बँडविड्थ १०० हर्ट्झ का ठेवली

मागील नोंदीपर्यंत व्हीसीओ आणि बफर तयार झाले होते. या टप्प्यात पीएलएल पूर्ण करून व्हीसीओला क्रिस्टलच्या शिस्तीत आणले आहे आणि लूप फिल्टरच्या दोन आवृत्त्या मुद्दाम बांधून त्यांची तुलना केली आहे. सिंथेसायझरवरील लेखांत बहुधा असे सांगितलेले असते की लूपची बँडविड्थ संदर्भ वारंवारतेच्या एक दशांश किंवा त्याहून थोडी कमी ठेवावी. ज्या प्रेषकात आवाजाचे मॉड्युलेशन थेट व्हीसीओवर दिले जाते, तिथे हा नियम का अपुरा पडतो, हे या नोंदीत आकड्यांसह मांडतो.

आधी रचना सांगतो. प्रेषक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतो. १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल ऑसिलेटरला ८०० ने भागून १२.५ किलोहर्ट्झचा संदर्भ मिळतो. व्हीसीओची वारंवारता प्रोग्रॅमेबल डिव्हायडरने भागून तीही १२.५ किलोहर्ट्झवर आणली जाते. १४५ मेगाहर्ट्झसाठी हा भाजक ११,६०० आहे. फेज डिटेक्टर या दोन्ही संकेतांच्या कडांची तुलना करतो, आणि ज्याची कड आधी येईल त्यानुसार चार्ज पंप १ मिलिअँपिअरचे स्पंद लूप फिल्टरमध्ये ढकलतो किंवा त्यातून ओढून घेतो. फिल्टरवर साठलेले व्होल्टेज व्हॅरॅक्टर डायोडला मिळते. भाजक एकने बदलला की व्हीसीओ पुढच्या पायरीवर जाऊन स्थिरावतो.

फिल्टर काढण्यापूर्वी व्हीसीओची संवेदनशीलता मोजणे आवश्यक होते. लूप तोडून, पोटेन्शिओमीटरने नियंत्रण व्होल्टेज देत वारंवारता मोजली, तेव्हा १.५ व्होल्टला १४३ आणि ३.५ व्होल्टला १४७ मेगाहर्ट्झ मिळाले, म्हणजे सरासरी २ मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट. व्हॅरॅक्टरच्या स्वभावानुसार ही संवेदनशीलता खालच्या टोकाला सुमारे २.५ आणि वरच्या टोकाला सुमारे १.६ होती. लूपची बँडविड्थ या आकड्याबरोबर बदलते, त्यामुळे गणित सरासरीवर केले तरी दोन्ही टोकांना लूप स्थिर राहतो की नाही हे तपासावे लागते.

फिल्टर नेहमीचाच, निष्क्रिय घटकांचा आहे: चार्ज पंपच्या आउटपुटपासून ग्राउंडला एक लहान कपॅसिटर, आणि त्याच्याशी समांतर एक रेझिस्टर व मोठा कपॅसिटर अशी एकसर जोडी. या रेझिस्टरचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. कपॅसिटर येणाऱ्या प्रवाहाची बेरीज करतो. व्हीसीओही वारंवारतेपासून फेज निर्माण करताना बेरीजच करतो. एकापुढे एक अशा दोन बेरजा आल्या की फेज १८० अंश मागे पडते आणि लूप स्थिरावण्याऐवजी अपेक्षित व्होल्टेजभोवती झुलत राहतो. रेझिस्टरमुळे बँडविड्थच्या आसपास ही फेज काही अंश पुढे येते आणि लूपला फेज मार्जिन मिळते. लहान कपॅसिटर मात्र संदर्भाचे स्पंद गुळगुळीत करण्यासाठी असतो आणि ते करताना मिळालेल्या फेजपैकी काही परत घेतो. मी रेझिस्टरचा परिणाम बँडविड्थच्या एक तृतीयांशावर आणि लहान कपॅसिटरचा परिणाम तिच्या तिप्पट वारंवारतेवर सुरू होईल असे ठरवले. त्यातून ५३ अंशांचे फेज मार्जिन मिळते. खालील सूत्रांत `b` म्हणजे हेच तीन, `Icp` म्हणजे चार्ज पंपचा प्रवाह, `N` म्हणजे भाजक, `ωc` म्हणजे बँडविड्थची २π पट, `C1` लहान आणि `C2` मोठा कपॅसिटर, आणि `Kvco` म्हणजे व्हीसीओची संवेदनशीलता, जी हर्ट्झ प्रति व्होल्टमध्ये घ्यायची आहे.

```
Ctot = Icp · Kvco · b / (N · ωc²)
C1   = Ctot / b²
C2   = Ctot − C1
R    = b / (ωc · C2)
```

पहिल्या आवृत्तीसाठी बँडविड्थ १ किलोहर्ट्झ धरली; ती संदर्भाच्या एक दशांशाहूनही कमी आहे. गणितातून १.४६ नॅनोफॅरड, ११.६ नॅनोफॅरड आणि ४१ किलोओहम आले, प्रत्यक्षात १.५ नॅनोफॅरड, १२ नॅनोफॅरड आणि ३९ किलोओहम वापरले. लूप लगेच लॉक झाला आणि काही मिलिसेकंदांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. १ किलोहर्ट्झचा टोन देऊन डेव्हिएशन पाहिले तर तेही व्यवस्थित दिसले. बोलण्याचा आवाज मात्र रिसीव्हरवर पातळ आणि पोकळ ऐकू येत होता.

याचे कारण लूपच्या कामातच आहे. ऑडिओमुळे व्हीसीओची वारंवारता हलते, तेव्हा लूपला तो मॉड्युलेशनचा संकेत आहे की ऑसिलेटरचे भरकटणे आहे, हे कळण्याचा मार्ग नसतो. बँडविड्थच्या आतील प्रत्येक हालचाल तो दुरुस्त करतो. १ किलोहर्ट्झच्या लूपमध्ये ३०० हर्ट्झला ओपन लूप गेन जवळपास ५ आहे आणि फेज धरून हिशेब केला तर त्या वारंवारतेचे डेव्हिएशन सुमारे एक चतुर्थांश उरते, म्हणजे १२ डेसिबलहून अधिक घट. याउलट नेमक्या १ किलोहर्ट्झवर तोच लूप डेव्हिएशन १ डेसिबलने वाढवतो. चाचणीसाठी बहुतेक जण १ किलोहर्ट्झचाच टोन वापरतात, म्हणून हा दोष त्या चाचणीत दिसत नाही. या प्रकल्पातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब हीच आहे.

डेव्हिएशन मीटर नसेल तरी हे मोजता येते. एका टोनने एफएम केले असता मॉड्युलेशन इंडेक्स २.४०५ झाला की वाहक प्रथमच नाहीसा होतो. अरुंद सीडब्ल्यू फिल्टर असलेल्या रिसीव्हरवर वाहकाची शिट्टी ऐकत ऑडिओ हळूहळू वाढवावा आणि शिट्टी पहिल्यांदा लुप्त होईल तेव्हाचे ऑडिओ व्होल्टेज नोंदवावे. ३०० हर्ट्झच्या टोनसाठी बाजूचे घटक जवळ असल्याने फिल्टर त्याहूनही पुरेसा अरुंद हवा. १ किलोहर्ट्झच्या टोनसाठी त्या क्षणी डेव्हिएशन २,४०५ हर्ट्झ असते आणि ३०० हर्ट्झच्या टोनसाठी ७२१ हर्ट्झ. प्रतिसाद सपाट असेल तर ३०० हर्ट्झला लागणारे व्होल्टेज १ किलोहर्ट्झच्या व्होल्टेजच्या ०.३ पट असायला हवे. पहिल्या फिल्टरसाठी गणित हे गुणोत्तर १.४ सांगते, आणि मोजणीतही कमी वारंवारतेच्या टोनला जास्त व्होल्टेज द्यावे लागले. मॉड्युलेटरमध्ये प्री-एम्फॅसिस असेल तर ही चाचणी त्याला वगळून करावी, अन्यथा दोन परिणाम एकमेकांत मिसळतात.

म्हणून दुसरी आवृत्ती १०० हर्ट्झ बँडविड्थची बांधली. बँडविड्थ दहापट कमी केली की कपॅसिटर शंभरपट वाढतात आणि रेझिस्टर दहापट कमी होतो: ०.१५ मायक्रोफॅरड, १.२ मायक्रोफॅरड आणि ३.९ किलोओहम. आता ३०० हर्ट्झचे डेव्हिएशन घटण्याऐवजी १.६ डेसिबलने किंचित वाढते, गुणोत्तर ०.२६ येते आणि आवाजाला भरीवपणा आला आहे. एवढी वाढ बोलण्यात कानाला खटकत नाही.

याबरोबर संदर्भाचे स्पर्सही खाली गेले, आणि तेही बरेच. लॉक झालेल्या अवस्थेत चार्ज पंपला तत्त्वतः काहीच करावे लागू नये. परंतु फिल्टरमधून, व्हॅरॅक्टरमधून किंवा बोर्डावर राहिलेल्या फ्लक्समधून थोडा प्रवाह गळत असतो आणि तो भरून काढण्यासाठी दर ८० मायक्रोसेकंदांनी एक बारीक स्पंद द्यावा लागतो. हे स्पंद वाहकाच्या दोन्ही बाजूंना १२.५ किलोहर्ट्झवर उमटतात, म्हणजे नेमके शेजारच्या चॅनेलच्या मध्यावर. गळती १० नॅनोअँपिअर धरली तर पहिल्या फिल्टरने हे स्पर्स वाहकाच्या ३७ डेसिबल खाली असतात, आणि दुसऱ्याने ७७ डेसिबल खाली. प्रेषकाच्या दृष्टीने पहिला आकडा स्वीकारण्याजोगा नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नसता तरी एक किलोहर्ट्झचा फिल्टर मी ठेवला नसता.

मोजणाऱ्यांसाठी येथे एक सूचना आवश्यक आहे. नियंत्रण व्होल्टेज पाहण्यासाठी १० मेगाओहमचा ऑसिलोस्कोप प्रोब फिल्टरवर लावला, तर २.५ व्होल्टला तो एकटाच २५० नॅनोअँपिअर ओढतो. वरील गळतीच्या हा पंचवीसपट प्रवाह आहे आणि त्याने स्पर्स २८ डेसिबलने वर येतात. म्हणजे लूप पाहता पाहता आपण तो बदलत असतो. जेएफईटी इनपुटच्या ऑपअँपचा बफर मध्ये ठेवला की ही अडचण राहत नाही. त्याच बफरमधून भाजक एका पायरीने बदलतानाचे व्होल्टेज पाहावे: एखादी उसळी घेऊन ते स्थिरावले तर मार्जिन पुरेसे आहे, बराच वेळ झुलत राहिले तर रेझिस्टर किंवा संवेदनशीलतेचा आकडा तपासावा. बँडच्या दोन्ही टोकांना मी हे पाहिले असून झुलणे कुठेही लांबत नाही.

कपॅसिटर कोणते वापरावेत, यालाही महत्त्व आहे. दोन्ही कपॅसिटर फिल्मचे घेतले आहेत, जरी १.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर बोर्डावर बरीच जागा व्यापतो. उच्च डायइलेक्ट्रिकचे सिरॅमिक कपॅसिटर कंपनांचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करतात, आणि २ मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट इतक्या संवेदनशील व्हीसीओवर केवळ १ मिलिव्होल्टचा धक्का २ किलोहर्ट्झचे डेव्हिएशन देतो. शिवाय त्यांच्यात पूर्वीच्या व्होल्टेजची छाप काही काळ राहते, त्यामुळे चॅनेल बदलल्यावर वारंवारता उशिरापर्यंत सरकत राहते.

अरुंद लूपची किंमतही स्पष्ट आहे. १०० हर्ट्झच्या वरचा व्हीसीओचा नॉइज, पुरवठ्यातील गुणगुण आणि यांत्रिक कंपने आता लूप दुरुस्त करत नाही. ती मुळातच कमी ठेवावी लागतात. त्यासाठी व्हीसीओच्या कॉइलला मेणाने पक्के केले, त्याला स्वतंत्र रेग्युलेटर दिला आणि संपूर्ण भाग धातूच्या पेटीत बंद केला. दुसरी किंमत वेळेची आहे. संपूर्ण बँड ओलांडून स्थिरावण्यास आता काही दशक मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात प्रेषक इतरांच्या चॅनेलवरून घसरत जाऊ शकतो. म्हणून लॉक डिटेक्टरचा संकेत पॉवर अँप्लिफायरच्या बायसला जोडला आहे: लॉक सलग टिकल्याखेरीज बायस मिळत नाही आणि लॉक सुटताच तो तत्काळ जातो.

पुढच्या टप्प्यात ही वेळ कमी करण्याचा प्रयत्न आहे. चॅनेल बदलताना चार्ज पंपचा प्रवाह १ वरून ४ मिलिअँपिअर करायचा आणि त्याच वेळी एका ॲनालॉग स्विचने ३.९ किलोओहमच्या रेझिस्टरला तेवढाच दुसरा समांतर जोडायचा, म्हणजे कपॅसिटर तेच राहून बँडविड्थ २०० हर्ट्झ होते आणि फेज मार्जिन बदलत नाही. लॉक मिळाल्यावर दोन्ही पूर्ववत केले की मॉड्युलेशनसाठी १०० हर्ट्झचा लूप परत मिळतो. स्विच उघडताना त्याच्यातून जाणारा चार्ज नियंत्रण व्होल्टेजला किती धक्का देतो, हे मोजून मगच पॉवर अँप्लिफायरच्या बायसचा विलंब ठरवणार आहे.