सीव्ही न पाठवणाऱ्यांचा शोध

मी टेक्निकल रिक्रूटर आहे म्हटलं की तिकडच्या मित्रमैत्रिणींचा ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे दिवसभर पोर्टलवर सीव्ही चाळतेस?" सोप्या जागांसाठी हो, तेच करते. पण इथे जर्मनीत वाहन उद्योगाच्या आसपासच्या कंपन्यांच्या काही जागा अशा असतात की पोर्टलवर कितीही शोधा, हाती काही लागत नाही. ज्यांना ते काम येतं ते नोकरी शोधत नसतात, त्यांची प्रोफाइल कित्येक वर्षांत कुणी हात न लावलेली असते, आणि शोधशब्दांना जुळणारे निघतात ते भलतेच.

एकच जागा घेऊन सांगते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कॅन कंट्रोलरचा ड्रायव्हर सांभाळू शकेल असा इंजिनिअर हवा होता. कॅन ही गाडीतली बस. ब्रेक, इंजिन, दरवाजे यांचे छोटे संगणक दोन तारांवरून एकमेकांना निरोप देतात ती व्यवस्था, बॉशने 1986 मध्ये जगासमोर आणलेली. मॅनेजरने दिलेलं कामाचं वर्णन लांबलचक होतं, आणि त्यातली प्रत्येक अट 'आवश्यक'. मी त्याला एकच विचारलं, यातलं काय इथे येऊन तीन महिन्यांत शिकता येणार नाही? बिल्ड सिस्टिम शिकता येईल. कंपनीची कार्यपद्धत शिकता येईल. भाषेचं नंतर बघू. शेवटी उरलं ते एवढंच: खऱ्या बोर्डावर ड्रायव्हरमधला वेळेच्या गणिताचा दोष स्वतः शोधून दुरुस्त केलेला असावा. या प्रश्नाचं उत्तर हाती येईपर्यंत मी शोध सुरूच करत नाही, कारण त्यानंतर मला पदनाम शोधायचं नसतं, केलेलं काम शोधायचं असतं.

आणि हे काम चक्क उघड्यावर असतं. लिनक्समधला कॅनचा भाग मुळात फोक्सवॅगनच्या संशोधन विभागातून आला आणि 2008 मध्ये 2.6.25 या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला. तेव्हापासूनचा प्रत्येक बदल कुणी लिहिला, कुणी तपासला, याची नोंद कर्नलच्या इतिहासात आहे, आणि हा इतिहास गिट नावाच्या साधनात ठेवलेला असतो. आमच्या टीममधल्या इंजिनिअरने मला ही एक ओळ दिली:

```
git shortlog -sne --no-merges --since="3 years ago" HEAD -- drivers/net/can
```

गेल्या तीन वर्षांत त्या फोल्डरमध्ये कुणी किती बदल केले, याची यादी समोर येते. इथे बहुतेक रिक्रूटर वरच्या पाच नावांना मेल टाकून मोकळे होतात. पण अगदी वर बहुधा मेंटेनर, म्हणजे त्या भागाची जबाबदारी सांभाळणारे लोक असतात. त्यांना सगळे ओळखतात, त्यांच्या कंपन्या त्यांना जपून ठेवतात, आणि त्यांच्याकडे रिक्रूटरांच्या मेलचा आधीच ढीग असतो. दुसरी गोष्ट, मोठा आकडा फसवाही असू शकतो. कुणी अख्ख्या कर्नलभर एखाद्या फंक्शनचं नाव बदललं किंवा स्पेलिंगच्या चुका सुधारल्या, तर या फोल्डरमध्येही त्याचे बदल दिसतात. त्या माणसाच्या टेबलावर कॅनचा बोर्ड कधी आलाही नसेल.

म्हणून मी आकडा बाजूला ठेवते आणि मधल्या फळीतल्या लोकांचे बदल एकेक उघडून वाचते. कोड मला फारसा कळत नाही, पण बदलाबरोबरचा मजकूर कळतो. त्यात `Fixes:` अशी ओळ असेल, तर आधीच्या कुठल्या बदलाने दोष शिरला हे लिहिणाऱ्याने माग काढून ठरवलंय असं समजायचं. समजा कुणी लिहिलंय की बसवर खूप चुका झाल्यावर कंट्रोलर बस-ऑफमध्ये जातो, म्हणजे स्वतःला बसपासून तोडून घेतो; तिथून परत येताना क्वचित एखादा इंटरप्ट हरवतो, आणि अमुक इतक्या ताणाखाली तो दोष पुन्हा घडवून दाखवता येतो. असा परिच्छेद कुठल्याही सीव्हीत मिळत नाही.

त्याहून जास्त माझा भर `Tested-by` या नोंदीवर असतो:

```
git log --since="3 years ago" --format='%(trailers:key=Tested-by,valueonly)' -- drivers/net/can | grep . | sort | uniq -c | sort -rn
```

हे लोक स्वतः कमी लिहितात, पण दुसऱ्याचा बदल आपल्या हार्डवेअरवर चालवून बघतात. म्हणजे बोर्ड त्यांच्या हाताशी आहे, आणि दोष त्यांना नडतोय. पहिल्या यादीत यातली कितीतरी नावं तळाला असतात किंवा नसतातच.

या वाटेची मर्यादाही मोठी आहे. गाड्यांमधला बराचसा कोड कंपन्यांच्या चार भिंतींबाहेर येतच नाही, त्यामुळे इतिहासात नाव नाही म्हणून माणूस कच्चा, असं म्हणणं शुद्ध अन्याय होईल. अशांसाठी मी परिषदांचे कार्यक्रम बघते. ब्रसेल्सला दर वर्षी भरणाऱ्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला प्रवेश फुकट असतो आणि भाषणांची रेकॉर्डिंग नंतर सगळ्यांना बघता येतात. भाषण संपल्यावर प्रश्न विचारणाऱ्यांकडे माझं जास्त लक्ष असतं. "आमच्याकडे हेच वेगळ्या चिपवर झालं" असं म्हणणारा माणूस बहुधा बंद दाराआडचाच असतो.

नावं मिळाली की पुढचा प्रश्न संपर्काचा. गिटच्या इतिहासात ईमेल पत्ते उघड दिसतात, म्हणून ते उचलून सगळ्यांना एकच मेल धाडायचा मोह होतो. तसं करायचं नाही. गिटहबच्या वापराच्या अटींमध्ये तिथली माहिती न मागितलेल्या मेलसाठी वापरायला मनाई आहे, आणि रिक्रूटरांना ती विकण्याचा उल्लेखही त्यात नाव घेऊन केलेला आहे. शिवाय युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याच्या कलम 14 प्रमाणे दुसरीकडून मिळवलेली माहिती आपण ठेवली असेल, तर ती कुठून मिळाली आणि कशासाठी ठेवली हे त्या व्यक्तीला जास्तीत जास्त महिन्याभरात कळवावं लागतं. तिच्याशी त्याआधीच संपर्क केला, तर त्या पहिल्या संपर्कातच. म्हणून माझी यादी मुद्दामच आखूड असते.

आणि पहिला निरोप मी लिहीत नाही, आमचा इंजिनिअर स्वतःच्या नावाने लिहितो, एका वेळी एकालाच. तुमचा अमुक बदल वाचला, आमच्या बोर्डावर बस-ऑफनंतर तसंच काहीसं दिसतंय, त्याच कामासाठी माणूस शोधतोय, आणि तुमचं नाव कर्नलच्या इतिहासात सापडलं. खाली पगाराची रेंज आणि काम घरून किती करता येईल तेही लिहायचं. 'रोमांचक संधी' वगैरे शब्द मी खोडून टाकते. शेवटची ओळ मात्र ठरलेली: तुम्हाला रस नसेल, तर असं काम करणारं आणखी कोण तुम्हाला माहीत आहे? त्यांची हरकत नसेल तर आमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवाल का?

ही जागा भरली ती याच ओळीमुळे. `Tested-by`मध्ये सापडलेल्या एका गृहस्थांनी स्वतः नकार कळवला, पण आमचा निरोप जुन्या कंपनीतल्या सहकारी बाईंना पाठवला. त्या कित्येक वर्षं बंद कोडवरच काम करत होत्या, त्यामुळे माझ्या दोन्ही याद्यांमध्ये त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मुलाखतीत मॅनेजरने त्यांच्यासमोर खराब वागणारा बोर्ड आणि ऑसिलोस्कोप ठेवला, आणि त्यांनी कोड उघडायच्या आधी बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर लावलेत का ते तपासलं. मॅनेजरने तिथेच मला मान हलवून होकार दिला. त्यांचा नोटीस पीरियड संपायला बराच वेळ लागला. करारावर सही झाली त्या आठवड्यात मी बाकीच्या नावांची फाइल पुसून टाकली, कारण ती ठेवायचं कारणच उरलं नव्हतं.