व्ही. पी. रोडचा गुंता सुटला, पण तक्ता मोडावा लागणार

मागच्या नोंदीत जुन्या मुंबईतल्या बिलांच्या नकाशावर मी एका कापडदुकानाचा बाण काढला होता: सँडहर्स्ट रोडवरून गिरगाव बॅक रोडवर स्थलांतर. तो बाण आज पुसला. दुकान हललंच नव्हतं.

माझ्याकडे दोन बिलं होती. जुन्यावर ‘सँडहर्स्ट रोड, बॉम्बे ४’, नंतरच्यावर ‘व्ही. पी. रोड, बॉम्बे ४’. माझ्या जुन्या-नव्या रस्तानावांच्या तक्त्यात व्ही. पी. म्हणजे विठ्ठलभाई पटेल, आणि विठ्ठलभाई पटेल रोड म्हणजे पूर्वीचा गिरगाव बॅक रोड. म्हणून दुसरा ठिपका तिथे पडला. पण सँडहर्स्ट रोडला नाव मिळालं ते धाकट्या भावाचं, सरदार वल्लभभाई पटेलांचं. आद्याक्षरं दोघांची सारखीच. बिल छापणाऱ्यानं ‘सरदार’ गाळलं की संपलं.

शंका आली ती घरनंबरामुळे. दोन्ही बिलांवर तोच आकडा. दुकान दुसऱ्या रस्त्यावर गेलं तर नंबरही सोबत नेईल का? योगायोग असू शकतो, म्हणून थांबलो. परवा रद्दीवाल्याकडून आलेल्या गठ्ठ्यात त्याच दुकानाचं तिसरं बिल निघालं. त्यावर ठसठशीत ‘सरदार व्ही. पी. रोड’, नंबर तोच. ते बिल हातात धरून मी बराच वेळ नुसता बसून होतो!

‘बॉम्बे ४’चा इथे उपयोग झाला नाही, कारण गिरगावात दोन्ही रस्ते त्याच विभागात येतात. पत्ता डोंगरीच्या टोकाचा असता तर ९ आकड्यानं लगेच निकाल लागला असता. हेच आकडे १९७२ नंतर पिनकोडच्या शेवटी गेले (४००००४, ४००००९), त्यामुळे नाव बदललेल्या पत्त्यात आधी आकडा बघा. आणि सँडहर्स्ट रोड स्टेशनाला भुलू नका. रस्त्याचं नाव बदललं, स्टेशनाचं तेच राहिलं, आणि ते डोंगरीच्या बाजूला आहे. नुसतं ‘सँडहर्स्ट रोड’ शोधलं की ठिपका तिथे जाऊन बसतो.

QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी जुना नकाशा आजच्या नकाशावर `Thin Plate Spline` नं बसवला होता. ते आता बंद. ते प्रत्येक खूणबिंदू जुळवूनच दाखवतं, मग बिंदू चुकीच्या रस्त्यावर असला तरी चूक आकड्यांत दिसत नाही, नकाशा तेवढा वाकतो. `Polynomial 1` मध्ये चुकलेला बिंदू बहुधा मोठ्या फरकानं उघडा पडतो.

आता ‘जुनं नाव – नवं नाव’ अशा जोड्या वाढवत बसणार होतो, पण लिहितालिहिता पटलं की जोड्याच चुकीच्या आहेत. रस्त्याला स्वतःचा क्रमांक द्यायचा, आणि त्याची सगळी नावं, आद्याक्षरांसकट, वेगळ्या तक्त्यात. ‘व्ही. पी. रोड’ मग दोन क्रमांकांखाली येईल, आणि यायलाच हवा. इमारतींना सी. एस. नंबर, म्हणजे जमीन मोजणीतला भूखंडाचा क्रमांक, जोडता आला तर उत्तमच, रस्त्याचं नाव बदललं म्हणून तो बदलत नाही. पहिल्या बिलापासून सुरुवात करतोय.