दुपटं सुटलं, आता भांडण टोपड्यावरून

जर्मनीत राहणाऱ्या मुलींना माहेरी आल्यावर एक वाक्य ठरलेलं ऐकावं लागतं, "तुमच्या तिकडचं तिकडे ठेव." यावेळी ते मला रामबागेतल्या आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकावं लागतंय, कारण काय तर मी लेकीला रात्री दुपट्यात गुंडाळायचं बंद केलं. एकदम, त्याच रात्री. आईचं म्हणणं, अगं थंडीचे दिवस, संक्रांत होऊ दे, मग हळूहळू सोडव, पोर घाबरून उठतंय बघ. मालिशवाल्या मावशींनी तर "बांधलं नाही तर हात-पाय वाकडे होतात" हेही ऐकवलं.

आता गुंडाळण्याच्या विरोधात मी मुळीच नाहीये हं, उलट पहिले दोन-अडीच महिने आम्ही दुपट्यावरच काढले. नवीन बाळाला आपण पडतोय असं वाटलं की दचकून दोन्ही हात फाकतात, मग ते स्वतःच्याच हातांनी जागं होतं आणि रडतं, हे दचकणं साधारण चार ते सहा महिन्यांत आपोआप जातं. हात अंगाशी धरलेले असले की झोप सलग लागते, एवढाच काय तो फायदा, आणि तो खरा आहे. पण बांधलेलं बाळ सहजासहजी जागंही होत नाही, आणि श्वासाची अडचण आली की लगेच जागं होणं हेच तर बाळाचं संरक्षण असतं. म्हणून गुंडाळलेलं बाळ कायम पाठीवरच ठेवायचं, कुशीवर पण नाही.

हे सगळं मला शिकवलं आमच्या हेबामेनी. हेबामे म्हणजे तिकडची सुईण, बाळ झाल्यावर घरी येते, पहिले दहा दिवस रोज आली तरी चालते आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून, आणि पैसे सरकारी विम्यातून. मला याचं इतकं अप्रूप वाटलं की काय सांगू! आमची हेबामे साठीची, सायकलवरून यायची, बूट दारात काढायची (हे बघून आईने व्हिडिओ कॉलवर तिला पास करून टाकलं होतं), बाळाची नाळ बघायची, माझे टाके बघायची, माझ्या डोळ्यात बघून "झोपलीस का?" विचारायची, मग खोलीची खिडकी उघडायची. बाहेर थंडी असली तरी खिडकी उघडायची म्हणजे उघडायची! बाळाची खोली सोळा ते अठरा डिग्री हवी हे त्यांच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतं, यावरून मी तिच्यावर मनातून जाम चिडायचे, आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली पोरं वाढतात त्याचं काय? पण दुपट्याचं तिने जे दाखवलं ते पक्कं बसलं. छातीवर कापड आणि बाळाच्या मध्ये दोन बोटं सरकली पाहिजेत, आणि कमरेखाली एकदम सैल, बेडकासारखे पाय वर घेऊन फाकवता आले पाहिजेत.

इथे मात्र आपल्या आज्या चुकतात, सॉरी. पाय सरळ ओढून घट्ट बांधले की खुब्याचा सांधा नीट बसत नाही. जपानमध्ये 1975 च्या सुमाराला पाय सरळ ठेवून गुंडाळू नका अशी मोहीम काढली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण खूपच घटलं. वाकडे पाय सरळ होतात वगैरे काही नाही, ते वयाप्रमाणे होतातच. आणि हो, पोराला कडेवर घ्यायची आपली पद्धत खुब्यासाठी उत्तम आहे, हे मी हेबामेला अभिमानाने ऐकवलं, तिने मान्यही केलं.

तर मुद्द्यावर. थांबवायचं कधी, तर तारखेवर नाही, खुणेवर. बाळ पालथं पडायचा प्रयत्न करायला लागलं की बंद, मग ते तीन महिन्यांचं असो की चार. पूर्ण पालथं पडायची वाट बघायची नाही, कारण पहिल्यांदा पालथं पडणं रात्री आपण झोपलेले असतानाही होऊ शकतं. मोकळं बाळ पालथं पडलं तर हात टेकवून मान वळवतं, बांधलेल्या बाळाचं तोंड गादीत आणि हात कापडात. बाळ झोपेतच दगावण्याच्या दुर्दैवी घटनांमध्ये गुंडाळलेलं आणि पालथं हीच सगळ्यात वाईट जोडी दिसते.

आमच्या बाईसाहेबांनी काय केलं, तर दुपारी सतरंजीवर पडल्या पडल्या दोन्ही पाय वर उचलले आणि धप्पकन एका बाजूला टाकले, त्याबरोबर कंबर वळली, कूस झाली, आणि तशीच राहिली, पाठीवर परत आली नाही. आई टाळ्या वाजवत होती, मी दुपटं घडी करून कपाटात टाकलं. दुसरी खूण मला आधीच दिसली होती, सकाळी दुपट्यातून एक हात बाहेर आणि कापड हनुवटीपर्यंत सरकलेलं. सैल झालेलं कापड तोंडावर येणं हाही तितकाच धोका.

आता "हळूहळू" बद्दल. एक हात बाहेर, मग चार दिवसांनी दुसरा, असं करता येतं, पण खुणा दिसायच्या आधी. खूण दिसली की त्याच रात्री दोन्ही हात मोकळे. पहिल्या काही रात्री वाईट गेल्या, दर तासाला दचकून उठायची. उपयोग एका गोष्टीचा झाला: खाली ठेवताना आधी बूड टेकवायचं, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी, आणि तळहात छातीवर ठेवून जरा थांबायचं. डोकं आधी मागे गेलं की तिला पडल्यासारखं वाटतं आणि हात उडतात, म्हणजे संपलं. आठवड्याभरात बरीच शांत झोपायला लागली. आईने प्रेमाने दोन्ही बाजूंनी लोड आणि मोहरीची उशी लावली होती, ती मी काढली, कारण वळलेलं तोंड त्यातच रुततं. ठेवताना नेहमी पाठीवरच ठेवायचं, मग पुढे दोन्हीकडून वळता यायला लागलं की रात्री उठून उलटं-सुलटं करत बसायची गरज नाही.

थंडीचं उत्तर म्हणजे झोपायची पिशवी, बिनबाह्यांची, हात बाहेर, पाय आत मोकळे. गोधडी, रजई काही नाही. आत पूर्ण बाह्यांचं सुती झबलं आणि एक स्वेटर. टोपडं झोपताना काढायचं, कारण बाळाची जास्तीची उष्णता डोक्यातूनच निघते, आणि यावरून आमचं रोज भांडण, मी काढते, आई घालते. ती हात लावून बघते आणि म्हणते गारठलीय. हात गारच असतात गं, मानेमागे बघ, तिथे कोमट आणि कोरडं असेल तर ठीक, घाम असेल तर एक कपडा कमी.

आईला पिशवी मात्र पटली. इतकी की राजवाड्याजवळच्या आपल्या नेहमीच्या टेलर काकांकडे नेऊन उन्हाळ्यासाठी मलमलची एक शिवून आणली, अगदी तश्शीच, पण काकांनी "वाढतं अंग आहे" म्हणून गळा मोठा ठेवला. गळ्यातून डोकं आत सरकलं तर सगळंच व्यर्थ, म्हणून आई आज परत गेलीये गळा कमी करून आणायला, लांबी तेवढी राहू दे म्हटलं.