तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकहून ओहायोला गेलेला मेल

"दादा, नाशिकात बसून अमेरिकेतल्या अनोळखी कंपनीला सॉफ्टवेअरच्या कामासाठी मेल टाकता, त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, मग ते तुमच्यावर भरवसा कसा ठेवतात?"

एका मेलचंच सांगतो. ओहायोमधली पंपांचे स्पेअर पार्ट विकणारी कंपनी, दोनेकशे माणसं, ऑर्डर घ्यायचं पोर्टल जुनाट. एवढ्या आकाराच्या कंपनीत आयटीला दोन-तीन जणच असतात आणि निर्णय मालक किंवा ऑपरेशन्सचा हेड घेतो, त्याला आपल्याकडे किती डेव्हलपर आहेत यात काही रस नसतो. त्याला रोज असे दहा मेल येतात. म्हणून मी आधी तासभर त्यांचं पोर्टल वापरून पाहिलं आणि मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की मोबाइलवर पार्ट नंबर मधे डॅश न देता टाकला तर तुमचा सर्च काहीच दाखवत नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न होता. "दुपारी ३ वाजता पोर्टल बंद पडलं तर फोन कोण उचलणार?"

वेळेची खरी भीती ही असते बघा, मीटिंग कधी घ्यायची ही नाही. उन्हाळ्यात त्यांचे दुपारचे ३ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि अशा वेळी "आम्ही २४ तास हजर" असं लिहून टाकायचा मोह होतो, पण आठ जणांच्या टीमला ते झेपत नाही आणि समोरच्यालाही ते कळतं. मी लिहिलं की आमची टीम दुपारी १२ ते रात्री ९ बसते, म्हणजे तुमचे सकाळचे ९ ते साडेअकरा आपण रोज एकत्र असू, त्यानंतर तुमची ऑफिसची वेळ संपेपर्यंत एकच माणूस ऑन-कॉल असेल, हा त्याचा नंबर, तो अर्ध्या तासात उत्तर देईल पण फक्त पोर्टल बंद असेल तरच, नवीन कामं दुसऱ्या दिवशी. जे करणार नाही तेही लिहिलं आणि माझ्या मते त्याचाच उपयोग झाला.

यात एक खाच आहे. आपलं घड्याळ वर्षभर एकच, त्यांचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. हिवाळ्यात त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. आधीच्या एका क्लायंटच्या वेळी मार्चमधल्या त्या सोमवारी आम्ही साडेसातलाच कॉलवर आलो, तो माणूस तासभर वाट बघून निघून गेला होता. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून मीटिंगचं इन्व्हाइट क्लायंटच्या टाइमझोनमधेच बनवतो, म्हणजे कॅलेंडर आपोआप सरकतं, आणि हिवाळ्यात टीम १ ते १० बसते.

आता भरवशाचं. त्यांचा आधीचा अनुभव वाईट होता, आधीच्या व्हेंडरने कोड स्वतःच्या अकाउंटवर ठेवला आणि भांडण झाल्यावर महिनाभर दिलाच नाही. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून उलटं केलं, रिपॉझिटरी त्यांच्या अकाउंटवर, क्लाउडचं बिल त्यांच्या कार्डवर, आम्ही फक्त बोलावलेले पाहुणे. आमचा अ‍ॅक्सेस त्यांना कधीही काढता येईल, आणि तो काढायचा कसा हे मी स्क्रीन शेअर करून त्यांच्या आयटीवाल्या बाईंकडूनच एकदा करून घेतलं, आमच्या एका डेव्हलपरचं नाव त्यांनी काढलं आणि परत घातलं. खऱ्या ग्राहकांचा डेटा मागितलाच नाही, नावं-पत्ते बदललेली कॉपी पुरते. आणि सुरुवात दोन आठवड्यांच्या, पैसे घेऊन केलेल्या छोट्या कामाने, तेच सर्चचं. फुकट करून देऊ नका हो, फुकटच्या कामाला त्यांच्याकडचा कोणी वेळ देत नाही, मग तुम्ही कसं काम करता हे त्यांना दिसणार कधी?

शेवटची गोष्ट करारातली, आणि इथे बरेच जण चुकतात. "कोड तुमचा" एवढं लिहून भागत नाही. आपल्या कॉपीराइट अ‍ॅक्टच्या कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि समोरच्याने १ वर्षात ते हक्क वापरले नाहीत तर ते संपतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे ओहायोवाल्याने पैसे मोजून घेतलेला कोड त्याचा फक्त भारतात आणि तोही ५ वर्षंच! आमच्या कॉलेज रोडच्या वकीलबाईंनी हे दाखवलं तेव्हा मी जुने सगळे करार काढून बसलो. आता जगभर, कायमचे, न वापरले तरी संपणार नाहीत, असं स्पष्ट लिहितो आणि आमच्या प्रत्येक डेव्हलपरकडून, विशेषतः फ्रीलान्सरकडून, तसंच लिहून घेतो, कारण जे आपल्याकडे नाही ते आपण पुढे देणार कसं. ओहायोच्या कंपनीला हे कलम मी त्यांनी विचारायच्या आधीच समजावून पाठवलं, त्यांच्या वकिलाने ते जसंच्या तसं ठेवलं आणि ऑन-कॉलवाल्या माणसाचा नंबर तेवढा कराराला जोडायला सांगितला.