आमची वाटचाल : एका पानाचे तीन फोटो आणि दुबार ओळी

आमची फर्म छोटीच आहे, जुनी हाताने लिहिलेली रजिस्टरं एक्सेलमध्ये उतरवून देणं हे काम. सुरुवातीला लोक रजिस्टरच आणून द्यायचे, नंतर मोबाईलवर फोटो काढून पाठवायला लागले आणि आमचं काम खरं तिथून बदललं. कारण मोठं पान एका फोटोत वाचता येईल असं मावत नाही, मग वरचा भाग, मधला, खालचा असे तीन फोटो येतात आणि दोन फोटोंच्या सांध्यावर त्याच त्या ओळी दोनदा येतात. टायपिंग कुणालाही जमतं हो, पण सांधा नीट जुळवणं हीच आमची ओळख झाली असं मी म्हणेन.

एक पान सांगतो म्हणजे कळेल. स्टॉक रजिस्टर, पहिल्या फोटोत १६ ओळी, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात १४, म्हणजे टाईप झाल्या ४५. ग्राहकाने आधी दुसरीकडून काम करून घेतलं होतं, तिथे सगळं एकाखाली एक चिकटवून एक्सेलचं Remove Duplicates मारलेलं, उरल्या ३६ ओळी आणि नगांची बेरीज २०९. पानाच्या तळाशी मात्र हाताने लिहिलेलं २१४. आम्ही फोटो बघितले तर एकाच तारखेला तोच नट-बोल्ट, तेवढेच नग, असा माल खरोखर दोनदा दिलेला होता, आणि अशा दोन जोड्या होत्या. Remove Duplicates ला दुबार फोटो आणि दुबार व्यवहार यातला फरक कळत नाही, त्याला फक्त सारखी ओळ दिसते, म्हणून त्याने प्रत्येक जोडीतली एक खरी ओळ उडवली, एक २ नगांची, एक ३ ची.

त्यामुळे आमच्याकडे ओळ सुटी बघायचीच नाही, क्रम बघायचा. प्रत्येक ओळीपुढे फोटो नंबर आणि त्या फोटोतली कितवी ओळ हे आधी लिहायचं, मग तारीख, माल आणि नग जोडून एक कॉलम बनवायचा:

```
=TRIM(C2)&"|"&TRIM(D2)&"|"&E2
```

आता पहिल्या फोटोचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं शेजारी ठेवायचं आणि सलग किती ओळी त्याच क्रमाने जुळतात ते बघायचं. या पानात पहिल्या-दुसऱ्यात ४ जुळल्या, दुसऱ्या-तिसऱ्यात ३, म्हणजे ४५ मधून ७ गेल्या, राहिल्या ३८. पानावरच्या लिहिलेल्या ओळी मोजल्या तर ३८ आणि बेरीज २१४. सांध्याबाहेरची सारखी ओळ आम्ही हात लावत नाही. आणि काढायच्या ओळीही डिलीट करत नाही, बाजूला "दुबार" लिहून फिल्टर करतो, म्हणजे नंतर शंका आली तर परत बघता येतं.

सगळ्यात जास्त घोळ "वरीलप्रमाणे" च्या खुणांचा. रजिस्टर लिहिणारा मालाचं नाव एकदा लिहितो आणि खाली नुसती " ची खूण करत जातो. दुसऱ्या फोटोची पहिलीच ओळ अशी असली तर वरचं नाव त्या फोटोत नसतंच. टाईप करणाऱ्याने पहिल्या फोटोत खुणेच्या जागी नाव भरलं आणि दुसऱ्यात खूणच ठेवली की एकच ओळ दोन वेगळ्या दिसतात आणि सांधा जुळतच नाही. म्हणून आमचा नियम, आधी कागदावर जसं आहे तसंच टाईप करा, सांधा जुळवा, आणि मग वरून खाली खुणा भरत या.

दुसरं म्हणजे वाचनातला फरक. फोटोच्या कडेला अक्षर फाटल्यासारखं येतं, १ चा ९ होतो, ५ चा ६. चारपैकी तीन ओळी तंतोतंत आणि चौथीत एकच आकडा वेगळा असेल तर ती ओळ तीच असते, पण आकडा कुठला घ्यायचा? ज्या फोटोत ती ओळ कडेपासून आत आहे त्यातला. कडेला अर्धी कापलेली ओळ तर टाईपच करायची नाही, फक्त तीच ओळ दुसऱ्या फोटोत पूर्ण आली आहे ना एवढं तपासायचं.

एक केस मात्र फॉर्म्युल्याने सुटत नाही. पहिला फोटो दोन सारख्या ओळींवर संपतो आणि दुसरा त्याच दोन सारख्या ओळींनी सुरू होतो. सांधा दोन ओळींचाही असू शकतो, एका ओळीचाही, किंवा एकही ओळ परत आलेली नसेल, म्हणजे पानावर मुळात अशा दोन ओळी असतील, तीन नाहीतर चार. इथे झूम करून शाईचा डाग, खाडाखोड, सहीचा फराटा असलं काही दोन्ही फोटोंत दिसतंय का ते शोधावं लागतं, तेही नसेल तर तळाची बेरीज. म्हणूनच ग्राहकाला आम्ही आधीच सांगतो की फोटो काढताना चार-पाच ओळी परत येऊ द्या, दुबार ओळी आम्ही काढतो, पण सांध्यात एकही ओळ परत आली नसेल तर मधे काही सुटलंय का हे फोटोवरून कळतच नाही, अशा वेळी आम्ही तेवढ्या भागाचा फोटो परत मागवतो आणि तो आल्याशिवाय पान पुढे पाठवत नाही.